गाणं तेच, दर मात्र देशागणिक वेगळा

फेब्रुवारी २०१९मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, तेव्हा त्याची महिन्याची वर्गणी ११९ रुपये होती. अमेरिकेत त्याच वेळी ९.९९ डॉलर मोजावे लागत होते, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ७१० रुपये. अ‍ॅप एकच, गाणीही बहुतेक तीच, आणि दरात जवळपास सहापट फरक.

कंपनीने डॉलरचे रुपये करून हा आकडा काढलाच नव्हता. इथला ग्राहक किती देईल, हा पहिला प्रश्न होता. अ‍ॅपल म्युझिक तेव्हा १२० रुपयांना मिळत होतं आणि यूट्यूबवर गाणी फुकट ऐकायची सवय सगळ्यांनाच होती. तिथे ७१० रुपये कोण देणार?

पण इतकं स्वस्त विकणं परवडतं कसं? साबणाची वडी खर्चाच्या खाली विकली, की प्रत्येक वडीमागे तोटा होतो. इथे मात्र आणखी एका श्रोत्याला गाणं ऐकवायला फारसा खर्च येत नाही. मोठा खर्च असतो तो हक्कदारांचा, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, गीतकार, संगीतकार यांचा. आणि तो मुख्यतः उत्पन्नातला वाटा म्हणून दिला जातो. ढोबळ हिशेब करून पाहू. ११९ रुपयांतून १८ टक्के जीएसटी वजा केला, की सुमारे १०१ रुपये उरतात. त्यातले साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ६७ रुपये हक्कदारांचे. अमेरिकेतल्या वर्गणीतून हाच वाटा ४७० रुपयांच्या आसपास जातो.

म्हणून दर हवा तेवढा उतरवता येतो असं मात्र नाही. ‘वाटा कितीही येवो, प्रत्येक ग्राहकामागे किमान इतकी रक्कम हवीच’ अशी अट रेकॉर्ड कंपन्या करारात घालू शकतात. अमेरिकेतली किमान रक्कम इथे लावली, तर ११९ रुपयांचा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडेल. त्यामुळे अशा अटी देशागणिक नव्याने ठरवाव्या लागतात, आणि बोलणी फिसकटतातही. भारतातल्या पदार्पणाच्या तोंडावरच वॉर्नर चॅपेल ही कंपनी आपल्या गाण्यांच्या परवान्यावरून स्पॉटिफायविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

स्वस्त देशातली वर्गणी महागड्या देशात वापरली जाऊ नये, यासाठी कुंपणही लागतं. आयपी पत्ता व्हीपीएनने लपवता येतो, म्हणून खरी भिस्त पैसे भरण्याच्या साधनावर असते. भारतातला दर हवा, तर सहसा इथलं कार्ड किंवा यूपीआय लागतं. पुण्याहून शिकायला न्यू जर्सीला गेलेल्या मुलीची वर्गणी म्हणूनच लगेच महागत नाही. पण खात्यावरचा देश बदलून ती तिथल्या कार्डाने पैसे भरू लागली, की तिला तिथलाच दर लागतो.

मला यातली खरी अडचण कलाकाराच्या बाजूला दिसते. मानधनाचा हिशेब साधारणपणे त्या-त्या देशात जमलेल्या पैशांतून होतो. त्यामुळे जिचे बहुतेक श्रोते महाराष्ट्रातच आहेत, त्या मराठी गायिकेला तितक्याच वेळा ऐकल्या गेलेल्या अमेरिकी गायिकेपेक्षा बरेच कमी पैसे मिळतात. स्टुडिओचं भाडं आणि वादकांचे पैसे मात्र तिला गाणं प्रसिद्ध होण्याआधीच चुकते करावे लागतात.