निबंध भारी, पण प्रश्न वेगळाच! मार्क किती द्याल?

आज जरा खुर्ची बदलू. तुम्ही बाकावर नाही, टेबलाच्या पलीकडे आहात. हातात लाल पेन, समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. निबंध २० मार्कांचा आहे आणि प्रश्न असा: ‘मराठवाड्यातल्या पाणीटंचाईला पावसापेक्षा पीकपद्धती जास्त जबाबदार आहे का?’ प्रश्न मी या लेखासाठी तयार केलाय आणि पुढचे दोन्ही निबंधही. पण असे निबंध परभणी, सेलू, गंगाखेड, कुठल्याही कॉलेजच्या गठ्ठ्यात सापडतील.

पहिला निबंध उघडता आणि वाचतच राहता. गंगाखेडला कोरडं पडलेलं गोदावरीचं पात्र, टँकर आला की गल्लीत होणारी पळापळ, रांगेत हंड्यांऐवजी ठेवलेले दगड, २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे. वाक्यं सुबक, शुद्धलेखनाची एक चूक सापडत नाही. शेवटच्या परिच्छेदात एक ओळ येते की उसाचाही विचार व्हायला हवा. संपलं. चार पानांत पीकपद्धतीवर एवढंच!

दुसरा निबंध वाचताना मात्र ठेच लागते. ‘पाणि’ आणि ‘उस’ असं लिहिलंय, एक वाक्य सहा ओळींचं आहे. पण हा पोरगा प्रश्नाला भिडलाय. ऊस वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ शेतात उभा असतो आणि उन्हाळ्यातही त्याला पाणी लागतं. सोयाबीन पावसाळ्यात येऊन निघून जातं. म्हणजे जायकवाडीच्या कालव्याचं आणि बोअरचं पाणी कुठे जातं हे पिकावर ठरतं, असं तो म्हणतो. मग स्वतःलाच अडवतो: पण पाऊसच पडला नाही त्या वर्षी सोयाबीनही जळतं, तेव्हा सगळा दोष उसाचा कसा? शेवटी ठरवतो की टंचाई पावसामुळे सुरू होते आणि पीकपद्धतीमुळे लांबते.

आता सांगा, कुणाला किती?

हा खेळ वाटत असेल तर राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एखाद्या मित्राला विचारा. २०२५पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पर्यायांचे गोल काळे करायची सवय लागलेल्या पोरांपुढे आता निबंधाचा २५० मार्कांचा अख्खा पेपर आहे. ज्या यूपीएससीच्या धर्तीवर हा बदल झाला, तिच्या अभ्यासक्रमात निबंधाबद्दल जेमतेम तीन वाक्यांची सूचना आहे. त्यात अपेक्षा सांगताना पहिली गोष्ट येते ती विषयाला घट्ट धरून राहण्याची. विचारांची क्रमवार मांडणी आणि मोजकं लिहिणं त्यानंतर येतं. अभ्यासिकेत मात्र आपण सुरुवातीला कुठला सुविचार टाकायचा यावर तासभर वाद घालतो.

पुन्हा लाल पेनाकडे येऊ. नुसतं ‘योग्य वाटतील तेवढे मार्क द्या’ म्हटलं तर काय होतं, हे अमेरिकेत १९६१ साली एका अभ्यासात पाहिलं गेलं. पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध घेतले आणि ५३ जणांकडून तपासून घेतले. तपासणाऱ्यांत प्राध्यापक होते, तसे वकील, संपादक आणि व्यावसायिकही. कुठलाही निकष न देता नऊ गटांत प्रतवारी करायला सांगितली. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊही वेगवेगळ्या प्रती मिळाल्या. पाचपेक्षा कमी वेगळ्या प्रती मिळाल्या असा एकही निबंध निघाला नाही. ही माणसं बेफिकीर होती असं नाही. कुणी विचार बघत होतं, कुणी व्याकरण, कुणी मांडणी, कुणी शब्दकळा. प्रत्येकाच्या डोक्यात ‘चांगला निबंध’ म्हणजे वेगळीच वस्तू होती.

आपला पहिला निबंध अशा तपासणीत सगळ्यात जास्त हेलकावे खाणार. भाषा बघणारा त्याला १७ देईल, उत्तर शोधणारा ५. शिवाय एक गुण आवडला की त्याची झाक बाकीच्या गुणांवर पडते, हेही मानसशास्त्राला शंभर वर्षांपासून माहीत आहे. अक्षर सुंदर आणि वाक्य गोड असलं की ‘पोराला विषय कळलाय’ असं आपणच ठरवून टाकतो.

ही झाक पुसायची एक साधी रीत आहे. प्रश्न हाताने झाका, निबंध वाचा आणि मग कागदावर लिहा की हा निबंध कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे. पहिल्या निबंधाखाली तुम्ही लिहाल, ‘मराठवाड्यातल्या पाणीटंचाईचं वर्णन करा.’ आता हात काढा. छापलेल्या प्रश्नात ‘पावसापेक्षा’ आहे, ‘जास्त जबाबदार’ आहे, ‘का?’ आहे. म्हणजे तुलना मागितली होती आणि निवाडा मागितला होता. विषय तोच, प्रश्न निराळा. सगळ्यात फसवी जागा हीच, कारण ‘पाणीटंचाई’ हा शब्द पानोपानी दिसत राहतो. पाठ केलेला निबंधही इथेच पकडला जातो. त्यात प्रश्नातले शब्द पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदात असतात, मधला मजकूर कुठल्याही प्रश्नाखाली खपला असता.

बरं, प्रश्न निराळा आहे हे कळलं. मार्कांचं काय? जगात यावर एकमत नाही. जीआरई परीक्षेत निबंध दिलेल्या विषयाला धरून लिहिण्याचा प्रयत्नच दिसत नसेल तर सरळ शून्य. भाषा कितीही झळाळती असो. म्हणजे दारावरच अडवलं. आयईएलटीएसमध्ये चार रकाने आहेत, चौघांना सारखं वजन, आणि प्रश्नाला दिलेला प्रतिसाद हा त्यातला फक्त एक. प्रश्नाचा अर्थच चुकला असेल तर त्या रकान्यात नऊपैकी ३ची पायरी. बाकी तिन्ही रकान्यांत ८ मिळाले असं धरलं तर कागदावरच्या हिशेबाने सरासरी पावणेसात येते. एकीकडे शून्य, दुसरीकडे पावणेसात!

आपल्या २० मार्कांना रकाने पाडून बघू. आशय ८, मांडणी ५, भाषा ४, शुद्धलेखन ३. पहिल्या निबंधाला आशयात २ (ती उसाची ओळ आणि थोडी पार्श्वभूमी), मांडणीत ४, भाषेत ४, शुद्धलेखनात ३. बेरीज १३. दुसऱ्याला आशयात ६, मांडणीत ३, भाषेत २, शुद्धलेखनात १. बेरीज १२. पाहिलंत? ज्याने उत्तर दिलं तो मागे पडला आणि ज्याने दिलं नाही तो पुढे गेला. कुणी पक्षपात केला नाही, प्रत्येक रकाना प्रामाणिकपणे भरला, तरीही.

यावर एक उपाय म्हणजे कमाल मर्यादा: आशयात ४पेक्षा कमी मिळाले तर एकूण मार्क ९च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. मला हा उपाय पटत नाही. आशयात ३ मिळवणारा ९वर अडकतो आणि ४ मिळवणारा १६पर्यंत जाऊ शकतो. एका मार्काच्या कडेवरून एवढा खोल खड्डा नको. आणि परीक्षकही माणूसच; निबंध आवडला तर तो ३चे ४ करून टाकणार.

मला वाटतं खरी गडबड मांडणीच्या रकान्यात आहे. आपण पहिल्या निबंधाला मांडणीत ४ दिले, पण मांडणी कशाची? दृश्यामागून दृश्य छान येतं, हे खरं. तुलनेची मांडणी मात्र कुठेच नाही: आधी पावसाची बाजू, मग पिकाची, मग निवाडा. म्हणून मांडणी म्हणजे ‘विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराची मांडणी’ असं तपासणीआधीच लिहून ठेवलं तर तिथे २ मिळतील. भाषा आणि शुद्धलेखनाला हात लावायचा नाही. ते त्याने कमावलंय, आणि प्रश्न सोडला म्हणून चिडून भाषेचे मार्क कापणं ही उलट्या बाजूची झाकच झाली. बेरीज ११. दुसऱ्याचे १२. फरक एकाच मार्काचा, पण आता तो बरोबर बाजूला आहे. शून्य मी फक्त त्यालाच देईन ज्याने या प्रश्नाखाली ‘माझा आवडता ऋतू’ उतरवून काढलाय.

तिसरा निबंधही गठ्ठ्यात असू शकतो, आणि त्याला पहिल्याच्या पंगतीत बसवू नका. तो म्हणतो, ‘पाऊस की पीक हा प्रश्नच अपुरा आहे, कारण धरणातलं पाणी कुणाला किती द्यायचं हे दोन्हींच्या बाहेर ठरतं.’ मग तो पाऊस आणि पीक दोन्ही तपासतो, ते कुठे कमी पडतात ते दाखवतो आणि वाटपाकडे वळतो. यानेही प्रश्न बदलला, पण तुमच्या डोळ्यांदेखत, कारण सांगून. त्याला आशयात ८पैकी ७ द्यायला माझा हात अडखळणार नाही.

आणि गठ्ठ्यातल्या निम्म्या मुलांनी वर्णनच लिहून ठेवलं असेल तर? तेव्हा लाल पेन खाली ठेवून प्रश्नपत्रिका हातात घ्यायची. समजा, छापताना प्रश्न ‘मराठवाड्यातली पाणीटंचाई: पाऊस आणि पीकपद्धती’ एवढाच उरला असेल, तर त्यात तुलना करा असं कुठे म्हटलंय? मग चूक पेपर काढणाऱ्याची. अशा वेळी पुढचे पेपर आपल्या मनाने सैल तपासायचे नसतात. तपासणी थांबवून मुख्य परीक्षकाकडून निकष बदलून घ्यायचा आणि आधी तपासलेले पेपर पुन्हा पहिल्यापासून काढायचे. हे कंटाळवाणं काम आहे, पण नाही केलं तर गठ्ठ्यात तुमचा पेपर वर होता की खाली यावर मार्क ठरतात.

आता परत बाकावर या. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या एका प्रकरणात म्हटलं की तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा परीक्षार्थीचा माहितीचा अधिकार आहे. (यूपीएससीच्या बाबतीत याच न्यायालयाने २०१८ साली वेगळी भूमिका घेतली, तेव्हा तिथे हा आधार धरू नका.) विद्यापीठाच्या पेपरची छायाप्रत मिळाली की आधी बेरीज तपासाल, तपासाच. मग निबंधाच्या पानावर या, प्रश्न हाताने झाका आणि स्वतःचाच निबंध वाचून तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते समासात लिहा. पुनर्मूल्यांकनाची फी भरायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.