प्रोबमधला इवलासा स्क्रू

ऑसिलोस्कोप हे यंत्र आपल्यापैकी पुष्कळांनी निदान लांबून तरी पाहिलेले असते. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेबलावर ते ठेवलेले असते आणि त्याच्या पडद्यावर एक हिरवी किंवा पिवळी रेघ नाचत असते. सर्किटमधला विजेचा दाब क्षणोक्षणी कसा चढतो-उतरतो, त्याचा तो आलेख. हा दाब सर्किटपासून यंत्रापर्यंत जो आणून पोचवतो, त्याला प्रोब म्हणतात. पेनाएवढा दांडा, पुढे टोकदार सुई, मागे साधारण मीटरभर केबल. नीट पाहिले तर या प्रोबवर कुठेतरी एक बारीक भोक दिसते आणि त्यात एक इवलासा स्क्रू. आज बोलायचे आहे ते या स्क्रूविषयी. तो पाव फेरा इकडेतिकडे झाला, तर हे महागडे यंत्र बिनदिक्कत खोटे आकडे सांगू लागते.

प्रथम एक साधा प्रश्न. प्रोब हवाच कशाला? नुसती केबल लावली तर काय बिघडले? बिघडते ते असे, की केबलमधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून एक कपॅसिटर तयार होतो. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठवणारे भांडे. केबलचे सुमारे ८० पिकोफॅरड आणि यंत्राच्या तोंडाशी असलेले २० पिकोफॅरड धरले, तर १०० पिकोफॅरडचे भांडे आपण बिचाऱ्या सर्किटच्या गळ्यात अडकवतो. नाजूक सर्किट एवढ्या ओझ्याने वेगळेच वागू लागते.

म्हणून युक्ती अशी करतात, की प्रोबच्या सुईमागे ९ मेगओहमचा रोध बसवतात. यंत्राच्या आत १ मेगओहमचा रोध असतोच. दोघे एकामागोमाग आले, की १० व्होल्टमधले ९ व्होल्ट पहिल्यावर आणि १ व्होल्ट दुसऱ्यावर पडतो. म्हणजे यंत्राला दहावा हिस्सा मिळतो, आणि त्याची दहापट करून आपण वाचायचे. स्थिर दाबासाठी हे झकास चालते. पण दाब भराभर बदलू लागला, की गाडी अडते. कारण ते १०० पिकोफॅरडचे भांडे अजून तिथेच आहे आणि आता ते ९ मेगओहमच्या चिंचोळ्या वाटेने भरायचे आहे.

कल्पना करा, बुडाशी छिद्र असलेला एक हंडा आहे आणि वरच्या टाकीतून एका बारीक नळीने त्यात पाणी येते आहे. टाकीतली पातळी वाढली, की काही वेळाने हंड्यातलीही वाढते आणि टाकीच्या दहाव्या हिश्शावर येऊन थांबते. मात्र ‘काही वेळाने’! आपल्या उदाहरणात हा वेळ सुमारे ९० मायक्रोसेकंदांच्या मापाचा आहे. ऐकायला तो नगण्य वाटतो. पण सेकंदाला अठराशे हेलकावे घेणारा साधा तरंगसुद्धा अशा प्रोबमधून सुमारे तीस टक्के खुजा होऊन बाहेर पडतो. लाखो हेलकाव्यांची तर गोष्टच सोडा.

यावरचा उपाय मोठा सुरेख आहे. टाकीतली पातळी चढताक्षणी हंड्यात एक तांब्या पाणी एकदम ओतायचे. ते इतके नेमके, की पातळी लगेच जिथे जायची तिथेच जावी. पातळी उतरली, की तितकेच पाणी काढूनही घ्यायचे. नळीने मग फक्त ती पातळी टिकवायची. हा तांब्या म्हणजे ९ मेगओहमच्या रोधाला समांतर जोडलेला छोटा कपॅसिटर. आता प्रश्न एवढाच, की तांब्या केवढा हवा?

हिशेब तोंडी करता येतो. सुईवर एकदम १० व्होल्ट आले, असे समजा. त्या पहिल्या क्षणी रोधांना काही करायला सवडच मिळत नाही. सारा कारभार दोन कपॅसिटरांच्या हाती असतो. दोघांतून सारखाच भार जातो आणि सारख्या भाराने लहान भांड्यातली पातळी जास्त चढते. आपल्याला छोट्यावर ९ व्होल्ट आणि मोठ्यावर १ व्होल्ट हवा आहे. म्हणजे छोटा हा मोठ्याच्या नवव्या हिश्शाएवढा हवा. १०० भागिले ९, म्हणजे सुमारे ११ पिकोफॅरड. हीच गोष्ट अशीही सांगता येते, की वरचा रोध गुणिले वरचा कपॅसिटर हा गुणाकार खालच्या जोडीच्या गुणाकाराएवढा असावा. तो जुळला, की पहिल्या क्षणीही दहावा हिस्सा आणि अखेरीसही दहावा हिस्सा. शिवाय एक फायदा पदरात पडतो: दोन भांडी एकामागोमाग आल्यामुळे सर्किटला आता १०० ऐवजी १० पिकोफॅरडचेच ओझे जाणवते.

मग कारखान्यातच ११ पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवून मोकळे का होत नाहीत? कारण यंत्रायंत्रांत फरक असतो. एकाच्या तोंडाशी २० पिकोफॅरड, तर दुसऱ्याच्या तोंडाशी १३. हा आकडा पुष्कळदा खोबणीशेजारी छापलेलाच असतो. २० साठी जुळवलेला प्रोब १३ च्या यंत्राला लावला, तर वेगवान बदल जवळजवळ सात टक्के फुगून दिसतात. म्हणून तो स्क्रू. काही प्रोबमध्ये तो छोट्या कपॅसिटरची किंमत बदलतो, काहींमध्ये यंत्राकडच्या टोकाला बसून मोठ्याची. परिणाम एकच.

आता स्क्रू चुकला तर काय होते ते पाहा. ११ च्या जागी १५ पिकोफॅरड झाले आहेत. सर्किटमध्ये एक मायक्रोसेकंदाचा, ५ व्होल्टचा अगदी निरोगी ठोका आहे. पडद्यावर तो साडेसहा व्होल्टचा दिसतो. दुरुस्ती करणारा चमकतो, चांगले भाग बदलत बसतो. उलट ८ पिकोफॅरड झाले, तर तोच ठोका ३.७ व्होल्टचा दिसतो. बॅटरीचा स्थिर दाब मात्र दोन्ही वेळा बिनचूक येतो, आणि वेगवान तरंगाचा आकारही गोंडस दिसतो. चुकते ती फक्त उंची. त्यामुळे संशय यायला जागाच नसते.

संशय फेडायची सोय यंत्रावरच असते. पुढच्या बाजूला एक छोटी कडी किंवा पट्टी असते, तिच्यावर बहुधा सेकंदाला हजार वेळा चढउतार करणारा चौकोनी तरंग मिळतो. प्रोब तिथे लावा. चौकोनाचा डावा खांदा झिजलेला असेल, तर तांब्या लहान पडतो आहे आणि उरलेले पाणी नळी हळूहळू भरते आहे. खांद्यावर शिंग उगवले असेल, तर तांब्या मोठा आहे आणि जास्तीचे पाणी निचरते आहे. माथा सपाट होईपर्यंत स्क्रू फिरवा. त्यासाठी प्लॅस्टिकचा पेचकस घ्यावा; धातूचा पेचकस स्वतःच थोडी धारकता भरतो आणि तो उचलला की जुळणी बदलते. हजारच हेलकावे का? चूक विरायला लागणारा काळ शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास आहे आणि या तरंगाचा अर्धा भाग पाचशेचा. म्हणजे चूक उमटून पूर्ण विरेपर्यंतचा सारा खेळ एकाच माथ्यावर दिसतो.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. कधी तरंगाच्या कडेला काही नॅनोसेकंद टिकणारी बारीक थरथर दिसते. ती बहुधा प्रोबच्या लांबलचक अर्थ-तारेमुळे येते, आणि तिच्यासाठी स्क्रू फिरवणे म्हणजे जुळलेले बिघडवणे. तिथे तारच आखूड करावी लागते. आणि कित्येक प्रोबवर ‘एकपट-दहापट’ असा खटका असतो; तो एकपटीवर असेल तर हा स्क्रू कितीही फिरवा, चौकोनाचा खांदा हलत नाही. जुळणीला बसण्याआधी तो खटका पाहून घ्यावा.