आंब्याची पेटी लांबते तेव्हा

देवगड-रत्नागिरीच्या बागायतदाराकडे मार्चमध्येच नोंदवलेली हापूसची पेटी ठरल्या दिवशी पोचली नाही, तर गिऱ्हाईक आधी गाडीवाल्याला दोष देते. पण कित्येकदा माल अजून झाडावरच असतो. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला की तोडणी थांबवावी लागते. ओला आंबा पेटीत भरला तर करपा आणि देठकुज वाढते, आणि वरून चांगले दिसणारे फळ पिकताना काळे डाग धरते. म्हणून झाडे आणि फळे सुकेपर्यंत दोन-तीन दिवस थांबणे भाग पडते. हे दिवस गिऱ्हाइकाला कसे कळवायचे, यावर पुढच्या हंगामाची नोंदणी बरीचशी ठरते.

समजा, पुण्यातल्या एका घराने चार डझनांची पेटी हजार रुपये डझनाने नोंदवली आहे. पेटी १२ एप्रिलला पोचायची आहे आणि अक्षय्य तृतीया २० तारखेला आहे. तोडणी १० तारखेला व्हायची, पण ९ च्या रात्री पाऊस झाला. अशा वेळी “पावसामुळे थोडा उशीर होईल” एवढाच निरोप धाडायची रीत आहे. गिऱ्हाइकाला यातून काहीच कळत नाही.

नवी तारीख अंदाजाने न सांगता मोजून काढावी लागते. फळे सुकायला तीन दिवस गेले, की तोडणी १३ ला. निवड आणि भरणी १४ ला, त्याच रात्री गाडी, पुण्यात १५ ला. त्यात पुन्हा सर आली तर म्हणून एक दिवस हाताशी ठेवून १६ सांगावी. १५ सांगून १६ ला देणारा दोनदा चुकतो, आणि दुसरी चूक लोक जास्त लक्षात ठेवतात.

पण हापूसच्या बाबतीत ही तारीख अर्धीच आहे. आंबा कच्चा पाठवला जातो. गवताच्या अढीत पिकायला त्याला साधारण आठ दिवस लागतात. म्हणजे १६ ला पोचलेला आंबा खायला मिळेल २३-२४ ला, आणि अक्षय्य तृतीयेचा आमरस हुकेल. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने खरी बातमी हीच आहे, आणि नेमकी तीच सांगायला बागायतदार कचरतो. ती पहिल्याच निरोपात असली तर त्या घराला सणापुरते आंबे दुसरीकडून आणायला वेळ मिळतो.

निरोप साधारण असा असावा:

“नमस्कार काकू. काल रात्री बागेत पाऊस झाल्याने आजची तोडणी थांबवली आहे. ओला आंबा पेटीत टिकत नाही. तुमची पेटी १२ ऐवजी १६ एप्रिलला पोचेल आणि आंबा २३-२४ पर्यंत पिकेल, म्हणजे अक्षय्य तृतीयेला तयार नसेल. त्यामुळे पेटी नको असेल तर नुसते कळवा, आगाऊ रक्कम लगेच परत करतो. हवी असेल तर गाडी निघाली की गाडी नंबर पाठवतो. गैरसोयीबद्दल आमच्याकडून घरची आंबापोळी पेटीबरोबर येईल.”

यात क्रम महत्त्वाचा आहे. भेटीचा उल्लेख शेवटी आणि एका वाक्यात येतो; आधी आला तर तारखेवर पांघरूण घातल्यासारखे वाटते. भेट आंब्यांचीच द्यायची तर वेगळ्या खोक्यात द्यावी. चार डझनांच्या पेटीत आणखी सहा फळे कोंबली की तळची दबतात आणि भेटीपायी तक्रार ओढवते. पुढच्या वर्षीच्या नोंदणीवर सूट ही तर भेटच नव्हे. ज्याचा सण हुकला त्याच्याकडूनच पुन्हा धंदा मागणे झाले.

भावाचा हिशेब मात्र भेटीत मिसळू नये. हंगाम पुढे सरकतो तसा आंबा उतरतो. या चार दिवसांत भाव डझनाला नऊशेवर आला, तर चार डझनांमागचे चारशे रुपये सरळ परत करावेत. उशीर बागेकडून झाला आहे, तेव्हा ते गिऱ्हाइकाचेच पैसे आहेत. ऑनलाइन विक्रीला लागू असलेल्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाला त्यात अपवाद आहे. पाऊस त्यात बसवता येईलही, पण वर्षानुवर्षे नोंदणी करणाऱ्या घरापुढे हा अपवाद काढून दाखवण्यात शहाणपण नाही.

तारीख गाठायच्या घाईत काही जण कोवळा आंबा उतरवतात. तयार हापूस पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो. पिकताना त्याची साल सुरकुतते आणि गर आंबटच राहतो. कार्बाइडने पिकवण्यावर तर कायद्यानेच बंदी आहे. दुसऱ्या भागातला आंबा त्याच पेटीत भरणे ही तिसरी पळवाट. कबूल केलेल्या बागेचा माल देणे शक्यच नसेल, तर रक्कम परत करून नोंदणी रद्द करावी.