वर्गणी बंद झाल्यानंतरचं पत्र

मी पुण्यात एका मराठी मासिकाच्या वर्गणी विभागात काम करते. नवे वर्गणीदार नोंदवणं, पत्त्याच्या चिठ्ठ्या काढणं, न पोहोचलेले अंक पुन्हा पाठवणं ही रोजची कामं. त्यांत एक काम मी कोणावर सोपवत नाही. ज्यांनी वर्गणी मुदतीआधी बंद केली, त्यांना पत्र मीच लिहिते.

लिहिण्याआधी थोडं शोधावं लागतं, कारण यादीत ‘बंद’ असा शिक्का असलेल्या प्रत्येकाने वर्गणी स्वतःहून थांबवलेली नसते. ऑटोपेवर असलेल्या कुणाचं कार्ड बदललेलं असतं आणि पैसे आपोआप कापले जाणं थांबलेलं असतं. त्या माणसाला आपली वर्गणी बंद झाली हेच ठाऊक नसतं. ‘आपण आम्हाला सोडून गेलात’ असं पत्र त्याच्या हाती पडलं तर तो चक्रावतो. त्याला फक्त पैसे भरले गेले नाहीत एवढं कळवायचं. दुसरी गोष्ट याहून नाजूक. फोन कुणी केला होता, हे मी नोंदवहीत पाहते. वर्गणीदाराच्या मुलाने किंवा सुनेने केला असेल तर पत्र लिहिण्याआधी जरा थांबते. अनेकदा वाचणारी व्यक्तीच गेलेली असते. तिथे कारण विचारायचं नसतं. उरलेली रक्कम घरच्यांकडे पोहोचवायची आणि दोन ओळी सांत्वनाच्या लिहायच्या.

उरतात ते खरोखर ठरवून थांबलेले. त्यांतलं एकच उदाहरण सांगते.

एका निवृत्त शिक्षिकेने तीन वर्षांची वर्गणी भरली होती, ३६ अंकांचे १८०० रुपये. २० अंक गेल्यावर, फेब्रुवारीत, त्यांनी फोन करून अंक बंद करायला सांगितलं. फोन घेणाऱ्याने कारण विचारलं. ‘वाचायला वेळ मिळत नाही,’ असं उत्तर आलं आणि तेच नोंदवलं गेलं. हे उत्तर इतक्या जणांकडून येतं की मी ते कारण म्हणून धरतच नाही. समोरच्याला न दुखावता फोन ठेवायचा असला की माणूस असंच काहीतरी बोलतो.

आधी पैशांचा प्रश्न. अंकाची छापील किंमत ६० रुपये, वर्गणीत तो पडतो ५० रुपयांना. मिळालेल्या २० अंकांना छापील किंमत लावली तर १२०० रुपये होतात आणि परत द्यायचे उरतात ६००. वर्गणीचाच दर धरला तर १६ अंकांचे ८००. सवलत पूर्ण मुदतीसाठी होती, मध्येच सोडलं तर ती मिळू नये, असं म्हणणारे लोक आहेत आणि हिशेबाने ते चूकही नाही. पण वाचक ५० गुणिले १६ असाच हिशेब करतो. त्याच्या बोटांवर ८०० येत असताना हाती ६०० पडले, तर पुढे कितीही गोड पत्र लिहा, ते वाया जातं. आम्ही ८०० देतो. आणि ते खात्यात जमा होईपर्यंत पत्र टाकत नाही. पैसे अडकलेले असताना आलेला प्रश्न वाचकाला अडवणुकीसारखा वाटतो.

रक्कम गेल्यावर त्या बाईंना हे पत्र गेलं:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या सूचनेप्रमाणे मार्चपासून अंक पाठवणं थांबवलं आहे. उरलेल्या १६ अंकांचे ८०० रुपये आपल्या खात्यात काल जमा केले. आता आपल्याला काही करायचं राहिलेलं नाही.

एक विचारायचं होतं. अंक थांबवायचं मनात आलं, त्याच्या आधीच्या काही महिन्यांत काय घडलं होतं? एक ओळ लिहिलीत तरी पुरे. नाही लिहिलंत तरी काही बिघडत नाही.

आपला वर्गणीदार क्रमांक तसाच ठेवला आहे. पुढे कधी वाटलं तर तेवढाच सांगा, फॉर्म पुन्हा भरावा लागणार नाही. आपलं नाव-पत्ता यादीतून काढून टाकावा असं वाटत असेल तर तेही कळवा. याबाबत आमच्याकडून पुन्हा पत्र येणार नाही.’

खाली माझी सही, आणि सोबत आमचा पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड.

यातला प्रश्न मी मुद्दाम असा ठेवते. ‘वर्गणी का बंद केलीत?’ म्हटलं की जाब विचारल्यासारखं होतं आणि माणूस पटणारं कारण शोधू लागतो. काय घडलं, असं विचारलं की तो आठवू लागतो, आणि आठवताना महिना, सण, घरातलं माणूस अशा गोष्टी सांगतो. त्या आमच्या उपयोगाच्या असतात. प्रश्नही एकच. ‘मजकूर, छपाई, टपाल यांपैकी कशाबद्दल नाराजी आहे’ अशी चौकटींची यादी मी जोडत नाही, कारण खरं कारण बहुतेकदा त्या चौकटींबाहेर असतं. आणि सवलतीची एकही ओळ नाही. ‘परत आलात तर दोन अंक मोफत’ असं वाक्य आलं की वरचा प्रश्न खोटा पडतो. उत्तर ऐकायच्या आधीच औषध दिल्यासारखं होतं ते.

बाईंचं पोस्टकार्ड आलं ते काठापर्यंत भरलेलं, शेवटच्या ओळी समासात उभ्या लिहिलेल्या. ऑगस्ट ते जानेवारी त्या नाशिकला लेकीकडे असतात. अंक गावच्या पत्त्यावर येतो, शेजारच्या वहिनी तो ठेवून देतात. संक्रांतीला गावी गेल्या तेव्हा पाच अंक एकदम हातात आले, त्यात दिवाळी अंकही. दिवाळी अंक संक्रांतीला उघडावासा वाटेना. दर वर्षी दोनदा पत्ता बदला असं सांगायचा संकोच वाटला, म्हणून बंदच केला.

वेळ नव्हता हे खरं नव्हतं, मजकूर आवडत नव्हता असंही नव्हतं. आमच्या फॉर्मवर पत्त्याची जागा एकच होती, आणि मुलांकडे आलटून पालटून राहणारे आमचे वाचक थोडे नाहीत. आम्ही फॉर्मवर दुसऱ्या पत्त्याचा रकाना घातला, त्यापुढे ‘कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत’ अशी जागा ठेवली, आणि चिठ्ठ्या काढण्याआधी ती पाहण्याची पद्धत लावली. ते सुरू झाल्यावरच बाईंना दुसरं पत्र गेलं, आभाराचं. त्यांच्या उत्तरामुळे काय बदललं एवढंच त्यात होतं. या, असं म्हटलं नाही. पुन्हा पत्र येणार नाही असा शब्द दिलेला होता, पण त्यांच्या पत्राला उत्तर देणं ही वेगळी गोष्ट आहे.

सगळीच पत्रं अशी फळत नाहीत. पुष्कळ पोस्टकार्डं परत येतच नाहीत. काहींना मासिकाचा सूर बदललेला आवडलेला नसतो. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं संपादकांकडे देते, पण त्यावर वर्गणी विभागाला करण्यासारखं काही नसतं. काहींच्या डोळ्यांना बारीक टाइप झेपत नाही, आणि मोठ्या टाइपात अंक काढणं आम्हाला अजून जमलेलं नाही.

त्या बाई अद्याप वर्गणीदार झालेल्या नाहीत. वाचकहो, तुम्ही एखादं मासिक बंद केलंत आणि असं पत्र आलं, तर ‘वेळ नाही’ एवढ्यावर सोडू नका. अंक उघडावासा वाटेना तो महिना कोणता आणि तेव्हा घरी काय चाललं होतं, तेवढं एका ओळीत लिहा.