चिकणमातीवर भार येतो तेव्हा आतल्या पाण्याचा दाब का चढतो?

मृदा प्रयोगशाळेत चिकणमातीचा एक लहान नमुना असतो: 38 मिलिमीटर व्यासाचा, 76 मिलिमीटर उंचीचा, पातळ रबरी पिशवीत गुंडाळलेला. तो पाण्याने भरलेल्या पात्रात उभा करतात आणि सगळ्या बाजूंनी 100 किलोपास्कलचा दाब देतात. दहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी साधारण एवढाच दाब असतो. निचऱ्याची तोटी उघडी ठेवली की नमुन्यातले पाणी हळूहळू बाहेर येते, माती आवळली जाते आणि दाब मातीच्या कणांच्या सांगाड्यावर बसतो. मग तोटी बंद करतात आणि वरून जादा दाब वाढवत नेतात, नमुना मोडेपर्यंत.

याला त्रिअक्षीय चाचणी म्हणतात. समजण्यासाठी नमुनादाखल आकडे घेऊ. जादा उभा दाब 60 किलोपास्कलला पोचला आणि नमुना मोडला. त्या क्षणी आतल्या पाण्याचा दाब 54 किलोपास्कलने वाढलेला होता. हाच नमुना तोटी उघडी ठेवून, पाण्याला निघून जायला पुरेसा वेळ देत दाबला असता, तर तो साधारण 130 किलोपास्कलपर्यंत टिकला असता. माती तीच, कणांमधले घर्षण तेच, पण ताकद निम्म्याहूनही कमी. उरलेली ताकद पाण्याने खाल्ली.

कारण असे, की चिकणमाती ज्या ताकदीने उभी राहते ती कण एकमेकांवर किती दाबाने टेकले आहेत यावर ठरते. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की हा कणाकणांतला दाब मिळतो. त्याला प्रभावी ताण म्हणतात. कार्ल टेरझागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही गोष्ट मांडली. आपल्या नमुन्यात आडवा प्रभावी ताण 100 वरून 46 वर आला, आणि तेवढ्या आधारावर माती फक्त 60 चा जादा दाब पेलू शकली.

आता प्रश्न उरतो, की पाण्याचा दाब नेमका 54 ने का वाढला? 20 ने किंवा 100 ने का नाही? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील अलेक स्केम्प्टन यांनी 1954 साली एक छोटे सूत्र दिले:

Δu = B[Δσ3 + A(Δσ1 − Δσ3)]

Δu म्हणजे पाण्याच्या दाबातली वाढ. Δσ3 ही सगळ्या बाजूंनी सारखी आलेली वाढ आणि कंसातली वजाबाकी म्हणजे उभ्या दिशेने आलेला जादा दाब. पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकणमातीत B जवळजवळ 1 असतो. मातीचा सांगाडा पाण्याच्या मानाने फार मऊ, त्यामुळे सगळीकडून आलेला दाब पाणीच उचलते. उरतो A. आपल्या नमुन्यात आडवा दाब बदललाच नाही, म्हणून A म्हणजे 54 भागिले 60, अर्थात 0.9.

हा आकडा काय सांगतो ते कळायला एक तुलना पुरते. समजा माती स्प्रिंगसारखी लवचीक आहे. 60 चा दाब एकाच दिशेने आला, म्हणजे तिन्ही दिशांची सरासरी वाढ 20. अशा मातीत पाण्याचा दाब 20 नेच वाढेल आणि A एक तृतीयांश निघेल. प्रत्यक्षात वाढ 54 झाली. वरचे 34 कोणी बाहेरून दिलेले नाहीत. कातर ताणाखाली कण सरकताना मातीलाच आवळून कमी जागेत बसायचे होते. पाणी निघून जाऊ शकत नव्हते, म्हणून मातीच्या त्या आवळण्याचा भार पाण्यावर पडला. A चे खरे मोल इथे आहे. बाहेरून लादलेला दाब किती आणि मातीच्या स्वतःच्या स्वभावातून उठलेला किती, हे तो वेगळे करून दाखवतो.

स्वभाव उलटाही असतो. पूर्वी फार मोठ्या भाराखाली दडपली गेलेली आणि नंतर मोकळी झालेली घट्ट चिकणमाती कातरताना फुगू पाहते. तिला जागा हवी असते, पाणी आत यायला वाट नसते, आणि पाण्याचा दाब उलट उतरतो. स्केम्प्टन यांनी दिलेल्या आकड्यांत अशा मातीसाठी मोडतेवेळचा A शून्याच्या खाली, उणे 0.5 पर्यंत जातो. सामान्य मऊ मातीसाठी तो 0.5 ते 1, आणि फार संवेदनशील मातीसाठी 0.75 ते 1.5.

एकाच्या वर? याचा अर्थ पाण्याचा दाब वरून दिलेल्या दाबापेक्षाही जास्त वाढतो. नॉर्वेच्या क्विक क्ले या मातीत हे घडू शकते. हिमयुगानंतर जमीन समुद्रातून वर आली, गोड्या पाण्याने मातीतले मीठ धुऊन नेले, पण कणांची पोकळ रचना जागच्या जागी राहिली. ही रचना मोडली की माती जवळजवळ द्रव होते. नमुन्याची ताकद शिखर गाठून खाली येऊ लागते, पाण्याचा दाब मात्र चढतच राहतो, आणि भागाकार वर वर जातो.

29 एप्रिल 1978 रोजी ट्रॉनहेमजवळच्या रिसा गावी हे साऱ्या जगाने नंतर चित्रफितीवर पाहिले. एका शेतावर गोठ्याच्या वाढीव बांधकामासाठी खणलेली माती, सुमारे 700 घनमीटर, बॉट्नेन तळ्याच्या काठावर टाकली गेली. चिकणमातीतून पाणी इतके हळू झिरपते, की काही दिवसांत आलेल्या अशा भाराला निचरा जवळपास मिळतच नाही. आधी काठाचा तुकडा तुटला. त्याच्यामागचा उतार उघडा पडला आणि तिथल्या मातीवर नवा कातर ताण आला. ती मोडली, मग तिच्यामागची. पाच ते सहा दशलक्ष घनमीटर माती तळ्याकडे वाहत गेली आणि एक माणूस मरण पावला. 700 घनमीटर भरावाचा भार या मानाने नगण्य होता. कडी तुटत गेली ती प्रत्येक तुकड्याने मोडताना आपलाच आधार काढून घेतल्यामुळे.

अर्थात A हा मातीच्या पाटीवर कायमचा कोरलेला आकडा नाही. तीच माती थोडी दाबली असताना, मोडताना आणि मोडल्यावर वेगवेगळा A देते. उभे दाबण्याऐवजी ताण दुसऱ्या दिशेने आला तरी तो बदलतो. मोजतानाही चुका होतात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाण्याचा दाब खरा दिसत नाही. म्हणून कातरण्याआधी पात्रातला दाब 50 ने वाढवून आतला दाबही तेवढाच वाढतो का ते पाहतात. B साधारण 0.95 च्या खाली असेल तर नमुना पुरेसा भिजलेला नाही असे समजतात. दाब घाईने वाढवला तर नमुन्याच्या मधल्या भागात वाढलेला दाब तळाशी बसवलेल्या मापकापर्यंत पोचत नाही. मऊ मातीत मग A कमी दिसतो आणि माती आहे त्याहून भरवशाची वाटते. नमुना जमिनीतून काढताना हलला असेल, तर पुढची काळजी कितीही घेतली तरी व्यर्थ.

मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी आणि उरणच्या बाजूला जी मऊ समुद्री चिकणमाती आहे, तिच्यावर भराव टाकणाऱ्या अभियंत्यालाही हाच हिशेब करावा लागतो. भराव थराथराने टाकतात, मध्ये थांबतात आणि खाली पुरलेल्या पिझोमीटरवर पाण्याचा दाब वाचतात. सुरुवातीच्या थरांना पाण्याचा दाब भरावाच्या भारापेक्षा कमीच वाढतो. पुढे एखाद्या थरानंतर वाढ भाराच्या बरोबरीने होऊ लागली आणि आलेखाची रेघ अचानक ताठ झाली, तर माती खालून हार मानू लागली आहे असे समजून काम थांबवतात. पुढचा थर पिझोमीटरचा आकडा पुन्हा खाली आल्यावरच पडतो.