चार चित्रं, एक प्रॉम्प्ट

लहान मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ करायचंय. विषय कोकणातला पाऊस. मूडबोर्डावर चार चित्रं लावली आहेत: हिरोशिगेचं १८५७ सालचं पुलावरच्या सरीचं जपानी ठसाचित्र, कौलारू घराचा मोबाइलवर काढलेला फोटो, कंदिलाच्या उजेडातली सिनेमाची एक चौकट आणि पैठणीचा पदर. चारही आवडली म्हणून चौघांचं वर्णन एआयच्या प्रॉम्प्टमध्ये ओतलं, की हमखास घोळ होतो. घर फोटोसारखं खरं दिसतं, पाऊस रेघांचा पडतो आणि भिंतीवर कुणी न मागितलेले मोर उमटतात. शब्द ‘पैठणी’ लिहिला की रंगासोबत मोर आणि जरही येते.

म्हणून आधी प्रत्येक चित्राला एकच काम वाटून द्यावं. फोटोतून फक्त घराची घडण घ्यायची, सिनेमातून उजेडाची जागा, पदरातून दोन रंग. चित्र कशाने काढलंय, म्हणजे फोटो, जलरंग की ठसा, हे मात्र एकाच संदर्भाने ठरवायचं. इथे तो मान हिरोशिगेचा.

मग उरलेल्या तिघांना ठसाचित्राच्या भाषेत आणायचं. ‘सिनेमॅटिक प्रकाश’ म्हटलं की धूसर पार्श्वभूमी आणि लेन्सची चमक येते. ठशात ती बसत नाही. तिथे उजेड म्हणजे पिवळ्या रंगाचा सपाट तुकडा, फार तर एका कडेला विरत गेलेला. असा विरणारा रंग जपानी ठसेकारांना ठाऊक होताच. हिरोशिगेच्या त्या चित्रातला वरचा काळा ढग तसाच उतरवलाय. पैठणीचं नाव गाळून नुसतं ‘पोपटी आणि जांभळा’ लिहायचं.

आता प्रॉम्प्ट असा होतो:

```
जपानी लाकडी ठशाचं चित्र, सपाट रंग, बारीक काळी बाह्यरेषा.
उतरत्या छपराचं कौलारू घर, थोडं उंचावरून पाहिलेलं.
तिरक्या बारीक रेघांचा पाऊस. खिडकीत पिवळा सपाट उजेड.
रंग: पोपटी, जांभळा, करडा.
```

मिडजर्नीत शैलीसाठी चित्रच जोडायचं असेल, तर `--sref` पुढे एकट्या हिरोशिगेचा दुवा द्यावा. चारही दुवे दिले तर चारही शैली मिसळतात आणि वाटून दिलेली कामं वाया जातात. शैलीचा जोर `--sw` ने ० ते १००० दरम्यान ठरतो. काही न लिहिता तो १०० असतो.

घोळ उरलाय का, हे कडांवर कळतं. कौलांना काळी रेघ आहे, पण झाडांची पानं फोटोसारखी धूसर आहेत, असं दिसलं तर दुसरं माध्यम कुठल्यातरी शब्दातून शिरलंय. `--seed` चा आकडा तोच ठेवून एकेक वाक्यांश काढून बघायचा. जो काढल्यावर पानांनाही रेघ आली, तो दोषी. आणि जो काढून फारसा फरकच पडला नाही, त्याचं प्रॉम्प्टमध्ये काही काम नव्हतं.