खंड पडलेल्या नोकरीचा रेझ्युमे

समजा, एका बाईंनी 2011 ते 2018 एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळले आणि मुलांसाठी नोकरी सोडली. 2019 पासून घरबसल्या दोन दुकानांची जीएसटी विवरणपत्रं त्या भरत आल्या. आता पुन्हा पूर्णवेळ नोकरी हवी आहे.

कालक्रमानुसार मांडणीत ताजी नोकरी वर, जुनी खाली. एकाच क्षेत्रात पायरी-पायरीने चढलेल्यांना ती शोभते. या बाईंनी फक्त पगारी नोकऱ्या लिहिल्या, तर नजर 2018 वरच अडते.

मग कोणीतरी कौशल्यप्रधान मांडणी सुचवतं: वर 'करविषयक कामं', 'बँक ताळमेळ' अशी शीर्षकं, नोकऱ्या तळाशी, जमल्यास तारखांशिवाय. मला हा सल्ला पटत नाही. भरती करणाऱ्यांना ही युक्ती चांगली ठाऊक असते; तारखा गायब दिसल्या की संशय येतो. कौशल्य कुठे, किती काळ वापरलं हेही कळत नाही. अर्ज आधी सॉफ्टवेअरने चाळला जात असेल, तर त्यालाही पद, ठिकाण आणि वर्षं एकत्र सापडलेली बरी.

इथे मिश्र मांडणी चालते. वर तीन-चार कौशल्यं, प्रत्येकासोबत पुरावा: 'दोन दुकानांची जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी विवरणपत्रं'. खाली तारखांसह '2019 पासून: स्वतंत्र हिशेबनीस', त्याखाली कारखाना. खंड बराचसा भरतो, खोटं काहीच नाही. फक्त वरचा मजकूर खाली पुन्हा लिहू नये, नाहीतर एका पानाची तीन पानं होतात.